मुद्रांक, दंड आणि मूळ दस्त

गावाकडे भूखंड घेतला, पाचशेच्या स्टँप पेपरवर साठेखत केले, ताबाही मिळाला. खरेदीखत पुढे सवडीने करू, असे ठरले. परदेशातून पैसे पाठवणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचे व्यवहार येथेच थांबतात. पाच वर्षांनी विकणाऱ्याचे वारस नकार देतात. दावा दाखल होतो आणि पहिल्याच पुराव्यावर हरकत येते: मुद्रांक अपुरा आहे.

ही हरकत पोकळ नाही. ताबा दिलेले साठेखत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ नुसार खरेदीखतासारखे मानले जाते आणि त्यावर बाजारमूल्याप्रमाणे शुल्क लागते. ते भरलेले नसेल तर कलम ३४ प्रमाणे दस्त पुराव्यात घेता येत नाही. न्यायालय तो अटकावून ठेवते. मात्र एवढ्याने व्यवहार रद्द होत नाही. मुद्रांकाची उणीव दुरुस्त होण्याजोगी असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये लवादविषयक प्रकरणात स्पष्ट केले.

दुरुस्तीचा हिशेब सरळ आहे. कमी भरलेल्या शुल्कावर दस्त झाल्याच्या तारखेपासून दरमहा दोन टक्के दंड. त्याची कमाल मर्यादा त्या तुटीच्या चौपट. समजा, तूट चाळीस हजारांची आहे. महिन्याला आठशे, साठ महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार. तूट धरून एकूण अठ्ठ्याऐंशी हजार भरले की मुद्रांकाची अडचण संपते. दावा उभा राहण्याआधीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन ही रक्कम भरली, तर महिने वाढत नाहीत.

आपल्यासारख्यांची खरी फसगत दंडात नसून मूळ कागदात आहे. आपल्याजवळ बहुधा झेरॉक्स किंवा मोबाइलवरचे छायाचित्र असते. दंड भरून केवळ मूळ दस्त दुरुस्त होतो. अपुऱ्या मुद्रांकाच्या दस्ताची छायाप्रत ना अटकावता येते, ना दंड घेऊन ग्राह्य धरता येते, असे हरिओम अग्रवाल प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मूळ दस्त हरवला, तर तिप्पट दंड भरण्याची तयारीही निरुपयोगी ठरते. तो विकणाऱ्याकडे असेल, तर तो हजर करण्याचा आदेश मागावा लागतो. म्हणून मूळ साठेखत गावातल्या कोणाच्या ट्रंकेत आहे, हे आजच विचारलेले बरे.

हरकतीलाही वेळ असते. दस्त पुराव्यात दाखल होऊन त्यावर निशाणी पडली, की मुद्रांकाच्या कारणावरून त्याच दाव्यात पुन्हा वाद काढता येत नाही; वकील गप्प राहिला तर तो हक्क गेला. नोंदणीचा प्रश्न मात्र वेगळा: मुद्रांकाचा दंड भरल्याने नोंदणी झाली, असे होत नाही.

परदेशात केलेल्या कुलमुखत्यारपत्राबाबत आणखी एक मुदत आहे. ते महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. भावाच्या हाती पाकीट कोणत्या दिवशी पडले, हे दाखवणारी कुरिअरची पावती त्यामुळे पत्रासोबतच जपून ठेवावी.