वळणाचा हिशेब

१ ऑगस्ट १९९६ च्या रात्री अटलांटात मायकेल जॉन्सन दोनशे मीटर १९.३२ सेकंदांत धावला. आधीचा विक्रमही त्याचाच होता, १९.६६ चा, आणि तोही याच शहरात सव्वा महिन्यापूर्वी केलेला. तेरा वर्षांनी, २० ऑगस्ट २००९ ला, बर्लिनमध्ये युसेन बोल्टने १९.१९ ची नोंद केली. जॉन्सनपेक्षा बोल्ट सेकंदाच्या तेरा शतांशांनी वेगवान, एवढेच या दोन आकड्यांतून कळते. शर्यत मधोमध कापली की मात्र गोष्ट रंगते. जॉन्सनचे पहिले शंभर मीटर १०.१२ मध्ये आणि दुसरे ९.२० मध्ये झाले. बोल्टचे पहिले ९.९२ मध्ये, दुसरे ९.२७ मध्ये. म्हणजे सरळ भागात जॉन्सनच सरस होता!

यावर पटकन सुचणारा निष्कर्ष असा: जॉन्सन वळणावर दम राखून धावला, बोल्टने मात्र आधीच सगळे उधळले आणि शेवटी त्याची किंमत मोजली. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. तो का चुकतो हे पाहिले की हे तुकडे वाचायचे कसे, तेही कळते.

दोघांचाही दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण म्हणून शेवटी त्यांचा वेग वाढत होता असे नाही. पहिले शंभर मीटर उभ्या जागेवरून सुरू होतात. बंदूक, ब्लॉकमधून सुटणे, वेग पकडणे, हे सगळे त्यातच मोडते. दुसऱ्या शंभराला धावपटू भरधाव वेगातच येऊन भिडतो. बोल्टने बर्लिनमध्येच चार दिवस आधी शंभर मीटर ९.५८ मध्ये मारले, तेव्हा पहिल्या पन्नासाला ५.४७ सेकंद लागले आणि पुढच्या पन्नासाला ४.११. सुरुवात एवढी महाग असते.

त्याच्या दोनशेचे पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाहा: ५.६०, ४.३२, ४.५२, ४.७५. सर्वांत वेगवान पन्नास मीटर दुसरे, तेही वळणावरचे. त्यानंतर त्याचा वेग उतरतच गेला. टीव्हीवर बोल्ट सरळ भागात इतरांना मागे टाकत सुटलेला दिसतो, कारण इतर त्याच्याहून जास्त मंदावत असतात. दोनशेच्या शेवटी ‘किक’ मारली असे समालोचक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा असेच घडलेले असते.

मग राखून धावला की उधळून, हे ठरवायचे कशावरून? पहिल्या तुकड्याची तुलना दुसऱ्याशी करण्याआधी ती त्याच धावपटूच्या शंभर मीटरच्या वेळेशी करावी. बोल्टने शंभर मीटर ९.५८ मध्ये केले होते, दोनशेतली पहिली शंभरी ९.९२ ची. मध्ये चौतीस शतांशांची जागा आहे. त्यातले काही वळणाने खाल्ले, कारण वळणावर शरीर आत कलते आणि पायाची काही ताकद दिशा बदलण्यात खर्च होते. बाकीचे त्याने हातात राखले. जॉन्सनची शंभर मीटरची सर्वोत्तम वेळ होती १०.०९. वळणावर त्याने काढले १०.१२. फरक फक्त तीन शतांशांचा, तोही सुरुवातीच्या पावलांत किंचित अडखळून! जॉन्सन शंभर मीटर क्वचितच धावायचा, तेव्हा त्याची खरी क्षमता १०.०९ पेक्षा बरी असणार हे मान्य. ती अगदी दहा सेकंदांची धरली तरी त्याच्या हाती बाराच शतांश उरतात. म्हणजे वळणावर जास्त झोकून दिले ते जॉन्सनने.

तरीही सरळ भागात तो टिकला, कारण मूळचा तो चारशेचा माणूस. तीनच दिवसांपूर्वी त्याने चारशेचे सुवर्णपदक ४३.४९ मध्ये जिंकले होते. अशा धावपटूचा वेग सावकाश उतरतो. दोन तुकड्यांतला फरक, जॉन्सनचा ९२ शतांश आणि बोल्टचा ६५, धावणारा कोणत्या जातकुळीचा आहे हे सांगतो. तो शर्यत कशी धावला हे तेवढ्यावरून ठरत नाही. म्हणून दोन वेगळ्या माणसांपेक्षा एकाच माणसाच्या दोन-तीन शर्यती शेजारी ठेवणे जास्त उपयोगाचे.

समजा, एका मुलाची शंभरची सर्वोत्तम वेळ ११.२० आहे. एका स्पर्धेत तो ११.३५ आणि ११.५५ अशा तुकड्यांत २२.९० धावला. भरधाव सुरू होऊनही दुसरा तुकडा पहिल्याहून मोठा, म्हणजे वळणावरच तो संपला होता. पुढच्या वेळी ११.५० आणि ११.२५, एकूण २२.७५. वळणावर पंधरा शतांश दिले, सरळ भागात तीस मिळाले. हुरूप येऊन तिसऱ्यांदा त्याने आणखी राखले: ११.७० आणि ११.२०, पुन्हा २२.९०. या वेळी वीस देऊन पाचच परत आले. नुसते एकूण आकडे पाहिले तर पहिली आणि तिसरी शर्यत सारखीच. चुका मात्र एकमेकींच्या अगदी उलट.

हे आकडे मैदानावर मिळवताना एक गंमत होते. ‘वळण’ आणि ‘सरळ’ असे आपण म्हणतो खरे, पण नेहमीच्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर सरळ भाग ८४.३९ मीटरचाच असतो. दोनशेतले पहिले ११५.६१ मीटर वळणावरच जातात. शंभराची खूण वळण संपण्याच्या साडेपंधरा मीटर अलीकडे पडते. बरेच जण शंभर मीटर शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेशी उभे राहतात आणि ती रेषा मनातल्या मनात आत ओढतात. ती रेषा वळण संपण्याच्या १५.६१ मीटर मागे असते खरी, पण सरळ मोजून. धावपटू येतो कमानीवरून. त्यामुळे पहिल्या लेनचा धावपटू ती रेषा सुमारे अर्धा मीटर आधीच ओलांडतो, आणि पहिला तुकडा चार-पाच शतांशांनी उगाच चांगला दिसतो. लेनच्या कडेने टेप धरून खूण करून घेतलेली बरी.

स्टॉपवॉचची चूक याहून खोडकर. मधले बटण दहा शतांश उशिरा दाबले, तर पहिला तुकडा दहाने वाढतो आणि दुसरा दहाने घटतो, म्हणजे दोघांतल्या फरकात वीसची चूक. वरच्या मुलाच्या बाबतीत एवढ्यानेच निदान फिरले असते. खुणेच्या अगदी समोर मोबाईल ठेवून व्हिडिओ घेतला तर ही चूक बरीच आवरते. तिरप्या कोनातून घेतलेला व्हिडिओ मात्र फारसा कामाचा नाही.

ब्लॉकमधून सुटायला लागलेला वेळही पहिल्याच तुकड्याच्या खात्यावर पडतो. २०११ मध्ये ब्रसेल्सला योहान ब्लेक १९.२६ धावला, तेव्हा बंदुकीनंतर हलायलाच त्याला ०.२६९ सेकंद लागले; बर्लिनमध्ये बोल्टला ०.१३३ पुरले होते. हा फरक वजा केल्याशिवाय ब्लेक वळणावर संथ होता असे म्हणता येत नाही.

आणि वारा. दोनशेत तो पहिला धावपटू सरळ भागात शिरल्यापासून दहा सेकंद मोजतात, तोही सरळ भागाच्याच दिशेने. वळण सुरू होताना धावपटूचे तोंड जवळजवळ उलट दिशेला असते, त्यामुळे निकालपत्रावर पाठीचा म्हणून लिहिलेला वारा तिथे त्याच्या छातीवर आलेला असू शकतो. वळणाच्या वाऱ्याची नोंद कुठेच होत नाही.