पाच लाखांची पॉलिसी आणि आठ हजारांची खोली

आरोग्य विम्याची पहिली पॉलिसी हातात पडते तेव्हा बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते. पाच लाख. 'सम इन्शुअर्ड', म्हणजे विमा रक्कम, ती हीच. वर्षभरात कितीही वेळा दवाखाना घडला तरी कंपनी साधारणपणे याहून जास्त देणार नाही, एवढाच तिचा अर्थ. पण घरात गोष्ट अशी पसरते की पाच लाखांपर्यंतचं सगळं बिल कंपनी भरेल. गैरसमज होतो तो इथेच, आणि त्याची किंमत माणूस डिस्चार्जच्या दिवशी मोजतो.

उदाहरण म्हणून 'आरोग्य संजीवनी' घेऊ. विमा नियामक आयआरडीएआयने एप्रिल 2020 पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली ही साचेबंद पॉलिसी. कंपनी बदलली तरी अटी त्याच, हप्ता तेवढा वेगळा. तिच्यात खोलीभाड्याला मर्यादा आहे: दिवसाला विमा रकमेच्या दोन टक्के, पण पाच हजारांच्या वर नाही. शिवाय प्रत्येक मंजूर दाव्यातले पाच टक्के रुग्णाने स्वतः भरायचे. याला 'को-पे' म्हणतात.

समजा, नाशिकच्या एका दुकानदाराने पाच लाखांची ही पॉलिसी घेतली. सहा महिन्यांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. विमा आहे म्हणून घरच्यांनी आठ हजारांची स्वतंत्र खोली घेतली. चार दिवसांचं बिल झालं 1,52,000 रुपये: खोलीचे 32,000, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर वगैरे 80,000, औषधं आणि तपासण्या 40,000.

पाच लाखांच्या पुढे दीड लाख ते काय! घरच्यांचा हिशेब सरळ होता: खोलीचे रोजचे तीन हजार जास्त, म्हणून चार दिवसांचे बारा हजार खिशातून जातील. कंपनीचा हिशेब मात्र निराळा. हक्काची खोली पाच हजारांची, घेतली आठ हजारांची, म्हणजे प्रमाण साडेबासष्ट टक्के. खोलीचे 20,000 मंजूर झाले. सर्जन आणि थिएटरच्या 80,000 लाही तीच कात्री लागली आणि उरले 50,000. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, त्यामुळे 40,000 पूर्ण धरले. बेरीज 1,10,000. त्यातून पाच टक्के को-पे गेला आणि हाती आले 1,04,500. दुकानदाराला 47,500 रुपये घरून आणावे लागले.

या कपातीमागे कारण आहे. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की सर्जनची फी आणि थिएटरचा दरही चढतो. जिथे सगळ्या वर्गांना एकच दर आहे, तिथे ही प्रमाणशीर कपात करायची नाही, असा नियमच आहे. म्हणून दाखल होतानाच काउंटरवर दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या मर्यादेत बसणारी खोली कोणती, आणि खोलीनुसार बाकीचे दर बदलतात का. बिलात कपात दिसली तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागावं.

'एक्सक्लूजन', म्हणजे पॉलिसीने वगळलेल्या गोष्टी, दोन जातींच्या असतात. काही कायमच्या: आरोग्य संजीवनीत बाळंतपणाचा खर्च किंवा निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया कधीच बसत नाही. काही मुदतीच्या असतात. पहिले तीस दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा दावा चालत नाही. हर्निया आणि मोतीबिंदूसाठी दोन वर्षं थांबावं लागतं. त्या दुकानदाराला अपेंडिक्सऐवजी हर्निया निघाला असता, तर सहाव्या महिन्यात एक रुपयाही मिळाला नसता. आधीपासूनच्या मधुमेहासारख्या आजारासाठी ही वाट एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. पण तो आजार फॉर्मवर लिहिलेला हवा. एजंट 'शुगरचं राहू द्या, हप्ता वाढेल' म्हणाला, तरी सही ग्राहकाची असते आणि दावा नाकारला जातो तोही ग्राहकाचाच.

प्रीमियम म्हणजे हप्ता. तो वय, गाव, विमा रक्कम आणि आजारांवर ठरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे. स्वस्त हप्ता दिसला की तो कशामुळे स्वस्त आहे हे पाहावं. पुष्कळदा उत्तर खोलीभाड्याच्या मर्यादेत किंवा मोठ्या को-पेत सापडतं.

हे सगळं शोधायला जाड पुस्तिका चाळायची गरज नाही. पॉलिसीसोबत 'ग्राहक माहिती पत्रक' येतं आणि ते मराठीतही मागता येतं. त्यात विमा रक्कम, वगळलेल्या गोष्टी, प्रतीक्षा काळ, उपमर्यादा आणि को-पे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात. अटी पटल्या नाहीत, तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो.