पट्ट्याच्या परीक्षेत गुण कशास मिळतात?

कराटे शिकणाऱ्या मुलाच्या कमरेचा पांढरा पट्टा जाऊन रंगीत पट्टा आला की घरची मंडळी कौतुकाने विचारतात, "आता किती जणांना लोळवशील?" परीक्षकाने मात्र हा प्रश्न मुळीच विचारलेला नसतो. मग तो पाहतो तरी काय, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

पट्ट्यांच्या श्रेणींची पद्धत मूळची ज्यूदोची. जिगोरो कानो यांनी ती सुरू केली आणि गिचिन फुनाकोशी यांनी 1924 साली कराटेत आणली. पट्ट्यांचे रंग व गुणांची वाटणी प्रत्येक संस्थेत निराळी असते. आपण शोतोकान पद्धतीची आरंभीची परीक्षा घेऊ आणि सोयीसाठी असे धरू की आकृतिबंधास 30, तंत्रास 30, शिस्तीस 20 व सुरक्षित वर्तनास 20 गुण आहेत.

आकृतिबंध म्हणजे 'काता'. नवशिक्यास बहुधा 'हेइआन शोदान' हा 21 हालचालींचा काता करावा लागतो. कल्पनेतील शत्रूंना तोंड देत विद्यार्थी डावीकडे, उजवीकडे, पुढे व मागे जातो आणि अखेरीस जेथून निघाला तेथेच परत येतो. तो हातभर दूर येऊन थांबला, तर कोठेतरी पावले लहानमोठी पडली, हे परीक्षकास मोजपट्टीवाचून कळते. नवव्या व सतराव्या हालचालीस 'किआई' ही आरोळी असते. ती राहिली किंवा भलत्याच ठिकाणी आली, तर क्रम नुसता पाठ केलेला आहे, असा तर्क होतो.

तंत्र पाहण्यास परीक्षक समोरून बाजूस येतो, कारण पवित्र्याचे दोष बाजूनेच दिसतात. पुढच्या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकून पावलावर यावा, मागचा पाय ताणलेला असावा व त्याची टाच भूमीस टेकलेली असावी. ठोसा मारताना टाच उचलली गेली, तर पायांचे बळ मुठीपर्यंत पोहोचत नाही. पाऊल टाकताना डोके वरखाली झाले, तर गुडघे मध्येच सरळ झाले असे समजावे. एक हात ठोसा मारीत असता दुसरी मूठ कमरेशी पूर्ण मागे खेचली जावी. घाईत हीच गोष्ट प्रथम विसरली जाते.

शिस्त म्हणजे केवळ गप्प उभे राहणे नव्हे. नमस्कार, आज्ञेबरोबर हालचाल आणि शेवटच्या हालचालीनंतरही टिकणारी सावधता, हे सारे तीत येते. काता चुकल्यावर जो जीभ चावून हसतो त्याचे गुण जातात. जो चेहरा न बदलता पुढची हालचाल धरतो त्याचे तंत्राचे गुण गेले तरी शिस्तीचे राहतात.

सुरक्षित वर्तनाची पारख जोडीच्या सरावात होते. 'गोहोन कुमिते'त एक जण लक्ष्य आधी सांगून पाच पावले पुढे येत पाच ठोसे मारतो. दुसरा मागे सरत ते अडवितो व शेवटी उलट ठोसा मारतो. हा ठोसा वेगाने निघून अंगास लागण्याच्या किंचित आधी थांबला पाहिजे. येथे दोष दोन प्रकारचे होतात. एक म्हणजे जोडीदारास ठोसा लागणे. दुसरा म्हणजे भीतीने तो हातभर दूर किंवा बाजूस मारणे. त्यात संयम नसतो, आणि जोडीदारास खरे अडविण्याची संधीही मिळत नाही. वाढलेली नखे, बोटातील अंगठी, 'यामे' म्हणजे 'थांबा' ऐकूनही चाललेला हात, या गोष्टींचेही गुण कापले जातात.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्यास आकृतिबंधात 27, तंत्रात 25, शिस्तीत 15 व सुरक्षित वर्तनात 6 गुण पडले. बेरीज 73. उत्तीर्ण होण्यास 60 पुरेसे असतील, तर तो सहज उत्तीर्ण ठरेल. परंतु त्याच्या दोन ठोशांनी जोडीदाराचा ओठ फुटला, आणि 'यामे' झाल्यावर त्याने तिसराही मारला. म्हणून शहाणा परीक्षक एकूण बेरजेबरोबर प्रत्येक विभागात निम्म्या गुणांची अट घालतो. सुरक्षिततेत 10 हवे असता 6 मिळाले, म्हणून हा विद्यार्थी अनुत्तीर्ण. देखण्या कात्याचे गुण फुटलेल्या ओठाची भरपाई करू शकत नाहीत.

ही अट कठोर वाटेल. पण तिचे कारण साधे आहे. वरच्या पट्ट्यास जोडीचा सराव अधिक मोकळा होतो व लक्ष्य आधी सांगितले जात नाही. ज्यास ठरलेला ठोसा थांबविता येत नाही, त्याच्यासमोर न ठरलेल्या ठोशासाठी दुसऱ्याचे मूल कसे उभे करावे? म्हणून अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर नुसते 'अनुत्तीर्ण' लिहून न थांबता, 'आज्ञेबरोबर थांबण्याचा व अंतर राखण्याचा सराव करावा' असे परीक्षकाने लिहावे. पुढील परीक्षेपर्यंत नेमके काय करावयाचे, ते त्याला त्यावरून कळते.