२७ मेची रात्र कुठे काढणार?

शेजारच्या काकांनी शेंगेन व्हिसासाठी लिहिलेलं कव्हर लेटर ‘इंग्रजी तेवढं बघ’ म्हणून माझ्या हातात दिलं. इंग्रजी बरं होतं. पण या पत्रात इंग्रजीला फारसं महत्त्व नसतं. वकिलातीतला अधिकारी ते तिकीट, बुकिंग, विमा आणि अर्ज यांच्या शेजारी ठेवून वाचतो, म्हणून मीही काकांकडून सगळी फाइल मागवली आणि पत्र बाजूला ठेवून आधी कागदच वाचले. उलट क्रमाने गेलं की डोळा पत्रातलं विधान खरं धरून चालतो, आणि चूक समोर असूनही दिसत नाही.

बेत असा होता: मुलगा म्युनिकला नोकरीला, त्याच्याकडे मुक्काम आणि मध्ये पॅरिस, इंटरलाकन. पत्रात लिहिलं होतं, ‘१२ मे ते ३ जून, २३ दिवस’. तिकिटावर मात्र मुंबईहून विमान १३ मेला पहाटे १.४० ला सुटणार होतं. आपण घरातून १२च्या रात्री निघतो, म्हणून तोंडात ‘बारा तारीख’ बसते. परतीचं विमान म्युनिकहून २ जूनच्या रात्री सुटून ३ला मुंबईत उतरणार. व्हिसाला मात्र शेंगेन हद्दीत पाऊल ठेवल्याचा आणि हद्द सोडल्याचा, असे दोनच दिवस लागतात आणि दोन्ही धरले जातात. म्हणजे १३ मे ते २ जून, २१ दिवस. अर्जात तेच होतं, विम्यातही तेच. एकटं पत्र दोन दिवस जास्त सांगत होतं.

दुसरी चूक जास्त लबाड होती. ‘२४ ते २७ मे पॅरिस, २८ मे ते १ जून इंटरलाकन’ हे वाक्य कानाला अगदी सलग वाटतं. हॉटेलचं बुकिंग पाहिलं तर पॅरिसचं चेक-आउट २७ला आणि इंटरलाकनचं चेक-इन २८ला. मग २७ची रात्र कुठे? म्हणून दिवस मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. मुलाकडे सुरुवातीला ११, पॅरिसला ३, इंटरलाकनला ४, परत मुलाकडे १, बेरीज १९. १३ मे ते २ जून यांत रात्री मात्र २० आहेत. काकांनी पॅरिसचं बुकिंग एका रात्रीने वाढवून घेतलं आणि मग पत्रात ‘२४ मे ते २८ मे’ असं लिहिलं. कागद चुकला असेल तर तो देणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा. पत्रात शब्दांची सारवासारव करायची नाही. (तारीख ५/६ अशी लिहू नये. पाच जून की सहा मे, हे वाचणाऱ्याच्या देशावर अवलंबून असतं. महिना अक्षरात लिहावा.)

आता कारण. पत्राची सुरुवातच ‘युरोप पर्यटनासाठी’ अशी होती. अर्जात खूण ‘कुटुंबीयांची भेट’ला आणि सोबत मुलाचं निमंत्रणपत्र. काकांच्या मते फिरणं म्हणजे पर्यटनच. पण २०पैकी १२ रात्री मुलाकडे जातात, आणि त्याच हिशेबावर अर्ज जर्मनीकडे आहे. पहिलं वाक्य बदललं: ‘म्युनिकला मुलाकडे भेट, त्यातच पॅरिस व इंटरलाकन’. नकाराच्या छापील फॉर्मवर एक कारण असं असतं की प्रवासाचा हेतू व राहण्याची परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटली नाही. अशा विसंगतीमुळे तो रकाना भरायला निमित्त मिळतं.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेलाच. काकूंच्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये त्यांचं आणि काकांचं अशी दोन्ही नावं, बँकेत मधलं फक्त आद्याक्षर, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं नाव, आणि निमंत्रणपत्रात लेकाने आईच्या नावात एक ‘a’ जास्त घातलेला. पत्रात नाव पासपोर्टाप्रमाणे, अक्षर न् अक्षर. बँक आणि दाखला यांतला फरक एका वाक्यात सांगितला. निमंत्रणपत्र मुलाकडून नव्याने मागवलं. तिकिटावर मात्र नावं जोडून येतात आणि शेवटी MRS चिकटतं. ती विमान कंपनीची रीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पासपोर्ट नंबर मी वाचला, काकांनी पत्रात बोट ठेवून तपासला. एक अक्षर आणि सात अंक; काकांनी जुन्या पत्राची नक्कल केली होती, त्यामुळे तिथे जुन्याच पासपोर्टचा नंबर राहिलेला. काकूंचं पत्र तर काकांच्या पत्राचीच प्रत. त्यात काकू लिहीत होत्या, ‘माझी पत्नी माझ्यासोबत येत आहे.’