ब्रेकअपनंतर एकट्याने पाहायचा सिनेमा

नाते तुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकट्याने सिनेमा पाहायला बसलेल्या माणसाचा हात बहुधा दोन टोकांकडे जातो. एका टोकाला ‘देवदास’च्या वंशातले सिनेमे असतात, दुसऱ्या टोकाला ‘अशी ही बनवाबनवी’सारखी हमखास हसवणारी विनोदपटांची रांग. पहिल्या प्रकारात दुःख घोटले जाते. दुसऱ्या प्रकारात हसू येत नाही आणि ‘आपल्याला आता हसताही येत नाही’ ही नवी तक्रार पदरात पडते. शिवाय विनोदपटांची एक खोड सहसा लक्षात येत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत त्यातल्या सगळ्यांच्या जोड्या जुळतात, आणि नेमके तेच दृश्य या दिवसांत नको असते.

या दोन टोकांमध्ये निवड कशी करावी, याचे बऱ्यापैकी उत्तर डॉल्फ झिलमन या माध्यम-मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडलेल्या विचारात सापडते. माणसे आपली मनःस्थिती सावरण्यासाठी करमणूक कशी वापरतात, हा त्यांचा विषय होता. पडद्यावरची गोष्ट आनंदी आहे की दुःखी, एवढ्यावर परिणाम ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. ती लक्ष किती धरून ठेवते आणि पाहणाऱ्याच्या स्वतःच्या त्रासाशी किती मिळतीजुळती आहे, या दोन गोष्टींनाही तेवढेच महत्त्व आहे. गोष्ट लक्ष धरून ठेवणारी असेल तर डोक्यात फिरणारे तेच ते विचार तुटतात. पण ती गोष्ट आपल्याच त्रासाची असेल, तर कितीही रंगतदार असली तरी त्या विचारांना खतपाणीच मिळते. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी पुढे याच घोळत बसण्याच्या सवयीचा अभ्यास केला. असे घोळत राहिल्याने उदासी हलकी होत नाही, लांबते, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

यातून निवडीची एक सोपी कसोटी निघते: सिनेमातले दुःख शेजारच्या घरातले असावे, आपल्या घरातले नको. त्यात गमावणे असायला हरकत नाही, फक्त गमावलेली गोष्ट वेगळी हवी. आणि त्यातली माणसे नुसती झुरत न बसता काहीतरी करत असावीत, म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष त्यांच्या हातांकडे राहते.

समजा, पुण्यातल्या एका तिशीच्या मुलीचे चार वर्षांचे नाते तीन आठवड्यांपूर्वी तुटले आहे. शनिवारची संध्याकाळ आहे आणि तिच्यासमोर तीन नावे आहेत: ‘क्वीन’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘किल्ला’.

२०१४ चा ‘क्वीन’ पहिल्यांदा सुचवला जातो, कारण तो थेट याच विषयावर आहे. लग्न अगदी तोंडावर आले असताना राणीला नकार मिळतो आणि ती ठरलेल्या मधुचंद्राला एकटीच पॅरिसला जाते. सिनेमा चांगला आहे, पण तीन आठवड्यांत तो पाहणे घाईचे ठरते. पूर्वार्धात जुन्या भेटीगाठींची दृश्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक दृश्यागणिक पाहणारी आपल्या आठवणींची फाइल उघडते. राणी काही दिवसांच्या प्रवासात सावरते, हेही ताज्या जखमेला बोचते. सिनेमाचा वेग आणि दुःखाचा वेग एक नसतो.

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरतो. दादासाहेब फाळके पहिला भारतीय कथापट कसा काढतात, याची ती गोष्ट. पैसे उभे करणे, विलायतेला जाऊन तंत्र शिकणे, स्त्रीभूमिकेसाठी पुरुष नट शोधणे असा कामांचा नुसता धबडगा आहे आणि दुःख जवळपास नाही. अडचण एकच, तीही उत्तम कारणामुळे आलेली. फाळके आणि सरस्वतीबाई यांच्यातला मेळ इतका गोड रंगवला आहे की जोडप्यांकडे पाहूनच पोटात गोळा येत असेल, तर हा सिनेमा महिनाभर मागे ठेवलेला बरा.

उरतो अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेल्यानंतर आईची बदली होते म्हणून चिन्मय नावाचा शाळकरी मुलगा कोकणातल्या गावात येतो. नवी शाळा, नवे मित्र, सायकली, समुद्र आणि सतत पडणारा पाऊस. घाव इथेही खरा आहे, पण तो बापाचा आणि गाव सुटल्याचा आहे, प्रेमाचा नाही. किल्ल्यावर मित्र त्याला पावसात मागे सोडून निघून जातात, त्या प्रसंगात टाकून दिले जाण्याची भावना नेमकी पकडली आहे. पाहणारीला ती ओळखीची वाटते, पण तिच्या स्वतःच्या माणसाचा चेहरा त्यात कुठे येत नाही. शिवाय चिन्मयचे दुःख कोणी उपदेश करून मिटवत नाही. ते पावसाळ्याच्या गतीने कमी होते, आणि शेवटी पुन्हा बदली होतेच. शनिवारी ‘किल्ला’ लावावा.

निवड बरोबर झाली की नाही, हे पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कळते. हात फोनकडे जात असेल, मनातल्या मनात त्या व्यक्तीला पाठवायचा निरोप रचला जात असेल किंवा एखादे दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहावेसे वाटत असेल, तर सिनेमा बंद करायला हरकत नाही. रडू आले म्हणजे निवड चुकली असे मात्र नाही. चिन्मयसाठी आलेले रडू चिन्मयबरोबर संपते. तेच दृश्य तिसऱ्यांदा लावून काढलेले रडू संपत नाही.

बाकी काही बारीक गोष्टी. सिनेमाचे नाव दुपारीच ठरवावे. रात्री ओटीटीवर पोस्टर चाळत बसले की तासभर जातो आणि शेवटी जुनेच काहीतरी लागते. दोघांनी मिळून पाहिलेला सिनेमा टाळावा, कारण तो पाठ असतो आणि मोकळे मन संवादांऐवजी शेजारच्या रिकाम्या जागेकडे जाते. खाते दोघांचे सामाईक असेल तर अर्धवट पाहिलेल्या मालिकेचे नाव पहिल्याच पडद्यावर भेटते, म्हणून नवे प्रोफाइल आधी उघडावे. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. सिनेमा रात्री अकराच्या आत संपावा, नाहीतर झोपेचे नुकसान सिनेमाच्या फायद्यापेक्षा मोठे होते.

या उपायाची मर्यादाही उघड आहे. दोन तास घोळणे थांबले, इतकेच सिनेमा करू शकतो. आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण बिघडलेले असेल किंवा जगणेच नको वाटत असेल, तर ते काम सिनेमाचे नाही. त्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

‘क्वीन’ नंतरसाठी राखून ठेवावा. राणी विजयची अंगठी परत करून त्याचे आभार मानते, ते दृश्य हसून पाहता येईल तेव्हा तो लावावा.