सर्दी बरी झाली, डिस्टेंपर नाही

कुत्र्याचं पिल्लू शिंकतंय, डोळ्यांत चिपडं येताहेत, नाक वाहतंय. हवा बदलली, थंडी बाधली, होईल दोन दिवसांत बरं, असं घरात म्हटलं जातं. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण लस न घेतलेल्या पिल्लात हीच लक्षणं डिस्टेंपरची सुरुवात असू शकतात. डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. आजारी कुत्र्याच्या खोकण्या-शिंकण्यातून तो हवेवाटे पसरतो. कोल्हे, लांडगे, अगदी सिंहसुद्धा त्याला बळी पडतात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात सिंह एकापाठोपाठ मरू लागले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यांच्या नमुन्यांत हाच विषाणू शोधून काढला होता. माणसाला मात्र तो आजारी पाडत नाही.

हा आजार कसा फसवतो, ते एका नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहू. चार महिन्यांचं एक पिल्लू आहे. त्याला रेबीजचं इंजेक्शन दिलेलं आहे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की लसीकरण झालं. रस्त्यावरच्या एका आजारी कुत्र्याशी त्याची गाठ पडते आणि विषाणू श्वासावाटे आत जातो. साधारण चार-पाच दिवसांनी त्याला ताप येतो, एखादा दिवस ते जेवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. मग ताप आपोआप उतरतो आणि पिल्लू पुन्हा खेळू लागतं. या काळात विषाणू त्याच्या टॉन्सिल्समध्ये आणि लसिका ग्रंथींमध्ये वाढत असतो आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच संपवत असतो.

आठ-नऊ दिवसांनी ताप परत येतो. या वेळी विषाणू फुप्फुसं, आतडी, त्वचा आणि मेंदूपर्यंत पोचलेला असतो. प्रतिकारशक्ती खचल्यामुळे जिवाणूंना रान मोकळं मिळतं. नाकातलं पाणी घट्ट, पिवळं-हिरवं होतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, खोकला सुटतो, उलट्या आणि पातळ शी सुरू होते. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, सलाइन लावतात. आठवडाभरात नाक स्वच्छ होतं, पिल्लू जेवू लागतं. घरचे निर्धास्त होतात. मात्र अँटिबायोटिकने मारले ते जिवाणू. विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. या विषाणूला थेट मारणारं खात्रीचं औषध आजही नाही.

मग साधी सर्दी आणि डिस्टेंपर यांत फरक कसा ओळखायचा? कुत्र्यांचा नेहमीचा खोकला, ज्याला डॉक्टर केनेल कफ म्हणतात, तो कोरडा आणि ठसकेबाज असतो. घशात काहीतरी अडकल्यासारखं कुत्रं खाकरतं, पण त्याची भूक आणि खेळ शाबूत असतात, ताप नसतो किंवा थोडाच असतो. एक-दोन आठवड्यांत ते ठीक होतं. म्हणजे केनेल कफ श्वासमार्गापुरता राहतो, तर डिस्टेंपर एका अवयवावर थांबत नाही. दोन्ही डोळ्यांतून पू, 103.5 फॅरनहाइटच्या वर ताप, अन्नावरची वासना उडणं आणि खोकल्याच्या जोडीला जुलाब, असं एकत्र दिसलं तर ती सर्दी समजू नये. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 असतं, म्हणून हात लावून अंदाज करण्यापेक्षा गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजणं बरं. पोटावर पुवाच्या बारीक पुळ्या येणं, पंजाच्या गाद्या आणि नाकाचा शेंडा जाड, कडक होऊन भेगाळणं, या आणखी दोन खुणा. त्या प्रत्येक कुत्र्यात दिसत नाहीत आणि दिसल्या तरी उशिरा दिसतात. संशय असेल तर डॉक्टर डोळ्याच्या आतून किंवा नाकातून स्वॅब घेऊन, रक्त किंवा लघवीचा नमुना घेऊन तपासणी करतात. नुकतीच लस दिली असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावं, कारण लसीतल्या विषाणूमुळेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

आपल्या उदाहरणातलं पिल्लू आता बरं दिसतंय. नाक सुकल्यानंतर दोनेक आठवड्यांनी घरच्यांना जाणवतं की त्याच्या कानशिलाजवळचा स्नायू ठरावीक लयीत उडतो आहे. पुढे एक पाय तसाच उडू लागतो. पिल्लू झोपलेलं असतानाही हे थांबत नाही, आणि हीच या आचक्यांची ओळख आहे. काही कुत्र्यांत जबडा च्युइंगगम चघळल्यासारखा हलतो, तोंडाला फेस येतो. काहींना पूर्ण फिट येते, काहींचे मागचे पाय लुळे पडतात, तोल जातो, नजर जाते. काही कुत्र्यांत सर्दी-तापाचा टप्पा इतका सौम्य असतो की थेट ही लक्षणंच पहिल्यांदा नजरेस पडतात.

हे इतक्या उशिरा का घडतं? मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखं. विषाणू मेंदूत शिरल्यावर हे आवरण विरू लागतं आणि संदेश अडखळतात. पुढे खचलेली प्रतिकारशक्ती सावरते, मेंदूतल्या विषाणूवर हल्ला चढवते आणि त्या दाहात उरलंसुरलं आवरणही जळतं. म्हणूनच बाकी शरीर सुधारत असताना मेंदूतली इजा वाढत जाऊ शकते.

झालेली इजा बहुधा पूर्ण भरून येत नाही. फिट्स फिनोबार्बिटोनसारख्या औषधांनी आटोक्यात ठेवता येतात, पण स्नायूंच्या लयबद्ध आचक्यांवर औषधांचा फारसा उपयोग होत नाही आणि ते अनेकदा आयुष्यभर राहतात. एवढंच उरलं असेल तर कुत्रं खातं, फिरतं, वर्षानुवर्षं आनंदानं जगतं. केवळ पाय उडतो म्हणून त्याला झोपवून टाकण्याची घाई करू नये. फिट्स औषधांनाही दाद देत नसतील आणि कुत्र्याला उठता, खाता येत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी त्याबद्दल स्पष्ट बोलावं. फिट येताना तोंडात हात किंवा चमचा घालू नये. आसपासच्या वस्तू बाजूला कराव्यात आणि घड्याळ लावावं. पाच मिनिटांहून जास्त चालली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

फेस आणि हलता जबडा पाहून लोक डिस्टेंपरच्या कुत्र्याला पिसाळलेलं समजतात. उलट चूकही होऊ शकते: डिस्टेंपर समजलेलं कुत्रं रेबीजचं निघू शकतं. त्यामुळे अनोळखी कुत्र्यात अशी लक्षणं दिसली तर त्याला मारू नये आणि उघड्या हातांनी हातही लावू नये. चावलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस घ्यावीच.

रेबीजची लस डिस्टेंपरपासून वाचवत नाही. त्यासाठी वेगळी, एकत्रित लस असते. ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची असते आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा. आईच्या दुधातून आलेली संरक्षक द्रव्यं लवकर दिलेली लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून एका डोसवर भागत नाही. वर्षभरानंतर पुन्हा एक बूस्टर लागतो. बरं झालेलं कुत्रं दोन-तीन महिने विषाणू बाहेर टाकू शकतं. तोवर लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्याच्याजवळ नेऊ नये. आज घरी जाऊन पिल्लाचं लसीकरणाचं कार्ड उघडा आणि त्यावर रेबीजखेरीज डिस्टेंपरची नोंद, तीही सोळा आठवड्यांनंतरची, आहे का ते पाहा.