पहिल्या वाढदिवसाची चित्रफीत : आईबाबांचं बाळाला पत्र

पहिल्या वाढदिवसाच्या चित्रफितीतलं निवेदन पत्ररूपात लिहिताना आधी वेळेचं गणित मांडावं लागतं. एक फोटो पाच सेकंद राहिला, तर चाळीस फोटोंना तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. पाच सेकंदांत सावकाश वाचून आठ-दहा शब्दच मावतात, म्हणून प्रत्येक फोटोला ओळ न देता सात-आठ प्रसंग निवडणं बरं.

फोटोत दिसतं तेच सांगितलं की पत्र फिकं पडतं. बारशाच्या फोटोत पाळणा आणि कानात नाव सांगणारी आत्या दिसतेच. तिथे आई म्हणते, "बाळा, त्या गलक्यातही तू गाढ झोपला होतास." पुढे बाबा सांगतात, "ते नाव मी रात्रभर वहीत गिरवत होतो." जे एकट्याने पाहिलं ते 'मी'ने आणि दोघांचं ते 'आम्ही'ने सांगितलं, की दोन्ही आवाज वेगळे ऐकू येतात. उष्टावण, बोरन्हाण, पहिलं पाऊल असा क्रम आपोआप लागतो.

आवाज आधी ध्वनिमुद्रित करून मग फोटो त्यावर बसवावेत. उलट केल्यास वाक्यं मध्येच तुटतात. निवेदनाखालचं संगीत अगदी मंद हवं, नाहीतर हॉलमधल्या गोंगाटात शब्द हरवतात.